बाळलेणं : गळ्यातलं तुटावं, कानातलं सुटू नये



आमच्या घरात सोनारकाम आहे. निलंग्यात सासऱ्यांच्या वेळेपासूनची आमची छोटी पेढी आहे आणि गेली सव्वीस वर्षं मीही तिथं बसते. बारशाचं सोनं घ्यायला घरची मंडळी आली की आमचे हे मलाच पुढं करतात. म्हणतात, हे तुझं काम, तू दोन लेकरं वाढवलीस. म्हणून आज तुमच्याशी बाळलेण्याबद्दल बोलायचं ठरवलं. कोणतं सोनं शोभतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तान्ह्या लेकराच्या अंगावर कोणतं चालतं, कोणतं चालत नाही आणि का, एवढंच मी सांगणार आहे.

मागच्या उन्हाळ्यात औराद शहाजानीकडचे एक मामा आले होते. बहिणीला पहिला मुलगा झालेला. सोबत त्यांची आई होती. सोयाबीनचे पैसे मामांनी बाजूला ठेवले होते आणि दहा ग्रॅम सोनं घालायचं हे घरात ठरलं होतं. यादीही तयार होती. लॉकेटसह साखळी पाच ग्रॅमची, काळ्या मण्यांच्या मनगट्यांत मिळून तीन ग्रॅम, एक ग्रॅमची अंगठी आणि एक ग्रॅमचे कानातले टॉप्स. यादी सांगून झाल्यावर मामा म्हणाले, "काकू, साखळीचा हूक तेवढा पक्का बसवा. लेकरू ओढायलं तरी तुटू नये. हरवलं तर मनाला लागतं."

हे वाक्य मी सव्वीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही. सोनं घेणाऱ्या प्रत्येकाला हूक पक्का हवा असतो, आणि ते साहजिक आहे. पण मी त्यांना विचारलं, "मामा, पक्का म्हणजे कशासाठी पक्का? सोनं जपायला की लेकरू जपायला?" ते हसले. त्यांना वाटलं दोन्ही एकच. मैत्रिणींनो, हे दोन्ही एक नाही, आणि आजच्या बोलण्याचं सार यातच आहे.

आधी गळ्याचं बघू. साखळीला तीन-चार प्रकारचे हूक येतात. इंग्रजी एस अक्षरासारखी वाकवलेली साधी कडी असते. आत स्प्रिंग असलेला हूक असतो, तो बोटानं मागं ओढल्याशिवाय उघडत नाही. पेचाचा फासा असतो, तो फिरवून बंद करतात. मोठ्या माणसाला यातला स्प्रिंगचा किंवा पेचाचा चांगला, कारण तो आपोआप सुटत नाही. तान्ह्या लेकराच्या गळ्यात मात्र हाच सगळ्यात वाईट.

कारण असं आहे. आपल्याकडं लेकरू झोळीत निजतं. साडीची झोळी, वर दोरीच्या गाठी, कुठं लोखंडी कडी, कुठं स्प्रिंग. लेकरू वळतं, पाय मारतं, सरकतं. साखळी एखाद्या गाठीत, पाळण्याच्या कोपऱ्यात नाहीतर खेळण्यात अडकली, तर लेकराचा सगळा भार तिच्यावर येतो. चार-पाच महिन्यांचं लेकरू सहा-सात किलोचं असतं. भरीव कड्यांची, नीट झाळलेली साखळी एवढ्या भारानं तुटतेच असं नाही. आणि लेकराच्या मऊ गळ्याला त्याहून कितीतरी कमी दाब श्वास कोंडायला पुरतो. गळा दाबला गेल्यावर आवाज निघत नाही, म्हणून शेजारच्या खोलीत असलेल्या आईला कळतही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ साली लेकरांच्या गळ्यातल्या माळांबद्दल जाहीर इशारा दिला होता. अठरा महिन्यांचं एक लेकरू दुपारच्या झोपेत गळ्यातल्या माळेनं गुदमरून गेलं होतं. ती माळ सोन्याची नव्हती, दात येताना घालतात तसल्या पिवळ्या मण्यांची होती. पण गळ्याला सोनं काय आणि मणी काय, फास तो फासच. ताईताचा रेशमी दोराही याच हिशोबात धरा. तो तर साखळीपेक्षा चिवट असतो.

म्हणून गळ्यातलं तुटणारं हवं. मग प्रश्न येतो, तुटलं की तो तुकडा लेकराच्या हातात येणार आणि हातातलं तोंडात जाणार. म्हणजे पक्कं असलं तर गळ्याला धोका, कच्चं असलं तर घशाला धोका. या कोड्यातून हुकानं सुटका होत नाही. सुटका एकच, तान्ह्याच्या गळ्यात साखळी रोज घालायचीच नाही.

मामांची आई लगेच म्हणाली, "अगं बाई, बारशाला गळा मोकळाच ठेवायचा का? पाहुणे काय म्हणतील?" त्यांचंही खोटं नाही. त्यांना मी आमच्या घरातली रीत सांगितली. वटपौर्णिमेला वडाला गुंडाळतो ते कच्चं सूत घ्यायचं. साखळीचा हूक न लावता तिची दोन टोकं त्या सुताच्या एका पदरानं बांधायची. बांधल्यावर घरात पारख करायची. साखळी खुंटीला लावून तिला एक लिटर पाण्यानं भरलेली बाटली अडकवायची. बाटली म्हणजे साधारण एक किलो. तेवढ्यानं सूत तुटलंच पाहिजे. नाही तुटलं तर सूत जाड आहे, दुसरं घ्यायचं. मशीनवरचा पॉलिस्टरचा दोरा यासाठी वापरू नका, तो फार चिवट असतो. अशी साखळी झबल्याच्या वरून घालायची, लेकरू कुणाच्या तरी मांडीवर असताना, पाळणा म्हणून होईपर्यंत आणि फोटो निघेपर्यंत. लेकरू पाळण्यात ठेवायच्या आधी साखळी काढून डबीत. सुतामुळं साखळी झोपेत चालते असा अर्थ कुणी काढू नका. मांडीवरच्या दहा मिनिटांत कुणी चुकून ओढलं तर गळ्याला काच बसू नये, एवढ्यापुरतंच ते सूत आहे.

आता हाताकडं वळू. मामांना मनगट्या हव्या होत्या. काळे मणी, मधे सोन्याचे मणी, तारेत किंवा दोऱ्यात ओवलेले. दृष्ट लागू नये म्हणून आपण हौसेनं घालतो. पण मनगटी हा लेकराच्या तोंडापासून सगळ्यात जवळचा डाग. तीन महिन्यांनंतर लेकराची मूठ दिवसभर तोंडातच असते. लाळेनं दोरा कुजतो, तार एकाच जागी वाकून वाकून तुटते, आणि दहा-बारा मणी एकदम सुटतात. गुळगुळीत गोल मणी श्वासनळीत जायला सगळ्यात सोपा आणि काढायला अवघड. सोन्याचे मणी बहुधा पोकळ असतात, पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेली. हिरड्यांनी चावून ते चेपतात, दात आल्यावर फाटतात, आणि फाटलेल्या पत्र्याची कड पात्यासारखी लागते. चांदीच्या वाळ्यांना लावलेल्या घुंगरांचंही तेच. घुंगरू एका बारीक कडीवर लटकलेलं असतं, आणि ती कडी झाळलेली नसेल तर लेकराच्या ओढण्यानंही उघडते.

मग हातात काय घालावं? एकसंध, भरीव, गोल गाभ्याचं कडं. त्याला मणी नको, घुंगरू नको, लोंबतं काही नको, आणि पेचाची खिळीही नको. पेचाच्या कड्याची खिळी सुटी निघते आणि ती अगदी गव्हाच्या दाण्याएवढी असते. टोकं उघडी असलेलं, दाबून लहानमोठं होणारं कडंही बरेच जण घेतात. ते घ्यायचं तर टोकं गोल घासलेली आहेत का आणि फटीत कातडी चिमटत नाही ना, हे बोट फिरवून बघा. मी मात्र बंद कडंच सांगते.

मापाची गोष्ट नीट ऐका, कारण इथं दोन मापं सांभाळायची असतात. पहिलं माप घशाचं. खेळण्यांच्या सुरक्षेच्या नियमांत तीन वर्षांच्या आतल्या लेकरांसाठी एक नळकांडं ठरवलेलं आहे. त्याचं तोंड सुमारे ३२ मिलिमीटर रुंद असतं. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती लहान लेकराच्या हातात द्यायची नाही, असा तो नियम. आपल्या भारतीय मानकातही हीच पारख आहे. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे हे तोंड त्याहून थोडं मोठं. घरी करून बघायचं तर पुठ्ठ्यावर पट्टीनं मोजून ३२ मिलिमीटरचं भोक पाडा आणि दागिना त्यातून जातो का बघा. अंगठी जाते, टॉप्स जातात, लॉकेट जातं. आणि साखळी? ती लांब दिसते, पण गोळा केली की तीही जाते. ३५ मिलिमीटर आतल्या व्यासाचं भरीव कडं मात्र आडवं बसतं, आत पडत नाही. कड्याची बाजू मी घेते ती यासाठी.

दुसरं माप मनगटाचं. कडं घातल्यावर मनगट आणि कडं यांच्यात तुमची करंगळी सहज गेली पाहिजे. आणि ते हाताच्या पंज्यावरून, तेल न लावता, जोर न करता निघालं पाहिजे. लेकरू फार वेगानं वाढतं. पाच-सहा महिन्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट होतं आणि वर्षात तिप्पट. बाराव्या दिवशी सैल असलेलं कडं साडेतीन-चार महिन्यांत रुतायला लागतं, आणि गुटगुटीत मनगटाच्या वळीत ते कुठं रुतलंय हे दिसतही नाही. दर आठवड्याला एक वार ठरवा आणि त्या दिवशी आंघोळीच्या आधी करंगळी घालून बघा. करंगळी गेली नाही, कातडीवर वळ दिसला, किंवा हात दुसऱ्या हातापेक्षा लालसर किंवा सुजलेला वाटला, की त्याच दिवशी कडं काढून डबीत. कमरेच्या कडदोऱ्यालाही हाच नियम, फक्त करंगळीऐवजी दोन बोटं घाला आणि दूध पिऊन झाल्यावर बघा, कारण तेव्हा पोट फुगलेलं असतं.

अंगठीबद्दल जास्त बोलत नाही. तान्ह्याला अंगठी घालू नका. सैल असली तर तोंडात जाते, घट्ट असली तर बोट सुजतं, आणि बोट सुजलं की ती निघत नाही. मग लेकरू रडत असताना ती कापावी लागते. असं काम आमच्याकडं येतं आणि ते करताना आमच्याही हाताला घाम फुटतो.

आता कान. इथं सगळं उलटं आहे. गळ्यातलं तुटावं, पण कानातलं मात्र सुटू नये. कान अडकला तर फार तर पाळी दुखावेल, श्वास कोंडत नाही. पण कानातलं सुटलं तर त्याचे दोन बारीक तुकडे होतात, आणि दोन्ही गिळण्याजोगे.

हे मी माझ्या अनुभवानं सांगते. माझा धाकटा नऊ महिन्यांचा असताना त्याच्या कानात आमच्याच पेढीत घडवलेले टॉप्स होते. मागं दाबून बसवायची टोपी असते ना, तसले. दुपारी झोपेतून उठला तर एका कानात टॉप होता, टोपी नव्हती. अंथरूण झटकलं, झोळी झटकली, सापडली नाही. तो गालात काहीतरी घोळवतोय असं सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला पालथं धरून हनुवटी खाली केली आणि टोपी लाळेबरोबर बाहेर पडली. सोनाराच्या घरात ही चूक झाली. त्या दिवसापासून दाबाचे टॉप्स मी तान्ह्यासाठी कुणाला दाखवतही नाही.

कानासाठी दोन गोष्टी चालतात. एक म्हणजे मळसूत्राची फिरकी. फिरकी आट्यांवर बसते, म्हणून ओढून निघत नाही, फिरवूनच निघते. पण लेकरू कुशीवर वळतं तशी तीही थोडी थोडी फिरते. म्हणून रोज सकाळी बोटानं बघायची. घेताना ती पाच-सहा वेळा फिरवून बघा. आटे घासल्यासारखे वाटले, फिरकी मधेच सैल फिरली, तर तो डाग नको. आणि ती पाळीला चिकटेपर्यंत आवळायची नाही. पाळी आणि फिरकी यांच्यात थोडी जागा राहिली पाहिजे. पाळी सुजली तर फिरकी मांसात रुतते आणि मग ती डॉक्टरकडं काढावी लागते.

दुसरी आणि माझ्या मते जास्त चांगली म्हणजे साधी बाळी. एकाच तारेची, सोनारानं कानात घालून चिमट्यानं बंद केलेली, टोक आत वळवलेलं. तिच्यात सुटा भागच नसतो, म्हणून हरवायलाही काही नसतं. ती काढायची तर पुन्हा सोनाराकडं यावं लागतं, एवढीच अडचण. बाळीचा वेढा लहान ठेवा. लेकराचं बोट किंवा टोपऱ्याची नाडी आत जाईल एवढा मोठा वेढा नको.

कान कधी टोचायचे हे घरोघरी वेगळं असतं. बरेच जण बाराव्या दिवशी टोचतात. सरकारी लसीकरणात धनुर्वाताची लस पेंटाव्हॅलंटमधून दीड महिन्याला, अडीच महिन्यांना आणि साडेतीन महिन्यांना मिळते. तीन डोस पूर्ण झाल्यावर टोचलेलं बरं, असं मी सांगते. घाई कशाचीच नसते. आणि टोचल्यावर पाळी लाल झाली, गरम लागली, पू आला, किंवा लेकराला ताप आला, तर हळद-तेल लावत बसू नका, दवाखान्यात दाखवा.

आता वजनाबद्दल. पुष्कळांना वाटतं, हलका डाग म्हणजे लेकराला सुखाचा. तसं सरळ नाही. सोनं कमी आणि डाग मोठा दिसायला हवा, असं म्हटलं की कारागीर तो पोकळ करतो. ३५ मिलिमीटरचं कडं तीन ग्रॅममध्ये भरीव केलं तर तार जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर जाडीची येते. ती दिसायला बारीक. मग गिऱ्हाईक म्हणतं, जरा ठसठशीत दाखवा, आणि समोर येतं पोकळ कडं. ते पहिल्यांदा पायाखाली आलं किंवा चावलं गेलं की चेपतं. म्हणून सोनं थोडं असेल तर डागांची संख्या कमी करा, जाडी कमी करू नका. चार डागांत वाटलेल्या दहा ग्रॅमपेक्षा दोन डागांतलं दहा ग्रॅम लेकराला सुरक्षित आणि तुम्हालाही फायद्याचं, कारण घडणावळ आणि घट दोन्ही कमी लागतात.

कॅरेटचं म्हणाल तर कडं आणि बाळी बावीस कॅरेटची चालते. चोवीस कॅरेट नको. शुद्ध सोनं इतकं मऊ असतं की बाळी बंद केलेली राहत नाही. खोट्या दागिन्यांत निकेल असू शकतं, त्यानं लेकराची कातडी खाजते आणि पाणी सुटतं. बावीस कॅरेटमध्ये तांबं आणि चांदी मिसळलेली असते, त्यानं सहसा त्रास होत नाही.

इथं हॉलमार्कची एक गोष्ट लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक लागतो आणि तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. पण दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही. आणि बाळलेण्यातले बहुतेक डाग, अंगठी, टॉप्स, बाळ्या, दोन ग्रॅमच्या आतलेच असतात. म्हणजे जिथं तुम्हाला शिक्का मिळत नाही तिथं पावती नीट घ्यायची. पावतीवर प्रत्येक डागाचं वजन आणि कॅरेट वेगळं लिहून घ्या. मणी, लाख, खडे यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, तेही विचारा. सोनाराला राग येत नाही, आणि आला तर दुसरा सोनार बघा.

आता मामांकडं परत जाऊ. त्या दिवशी आम्ही यादी पुन्हा लिहिली. साखळी गेली, अंगठी गेली, मनगट्या गेल्या, टॉप्स गेले. त्या जागी चार-चार ग्रॅमची दोन भरीव कडी, म्हणजे आठ ग्रॅम, दोन्हींवर हॉलमार्क. उरलेल्या दोन ग्रॅमच्या एक-एक ग्रॅमच्या दोन बाळ्या. त्या बारशाला दाखवायच्या आणि साडेतीन महिन्यांची लस झाल्यावर कानात घालायच्या. गळ्यासाठी नवं काही घेतलं नाही. आजीच्या पेटीत त्यांची जुनी बारीक साखळी होती, तीच कच्च्या सुतानं बांधून फोटोपुरती घातली. दृष्टीसाठी काजळाची तीट पायाच्या तळव्याला लावली. दहा ग्रॅमचे दहा ग्रॅम लेकराचेच राहिले.

मामा थोडे नाराज होऊन गेले होते, ते मला दिसलं होतं. चार महिन्यांनी बहीण लेकराला घेऊन बाळ्या घालायला आली. मी आधी हात बघितला. उजव्या हाताचं कडं करंगळी जाऊ देत नव्हतं, खाली फिकट वळ होता. मी साबणाचं पाणी लावून हळूच काढलं. ती म्हणाली, "काकू, मी तर रोज बघायले, मला घट्ट वाटलंच नाही." रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही, म्हणून तर करंगळीचं माप. डाव्या हाताचं अजून सैल होतं, तेही आम्ही काढलं, कारण पंधरा दिवसांत तेच होणार होतं. दोन्ही कडी आता डबीत आहेत. पुढं मोठं माप हवं असेल तर त्याच सोन्यात थोडी भर घालून पुन्हा घडवता येतील.

शेवटी अंगावर असताना लक्ष कसं ठेवायचं ते सांगते. दागिना घालायचा तो मोजून, काढायचा तोही मोजून. डबीच्या झाकणावर आतून चिठ्ठी चिकटवा, किती डाग आहेत ते लिहा. झोळीत, अंथरुणात, मालिश आणि आंघोळीच्या वेळी, मोटारसायकलवर किंवा एसटीत, आणि रात्री अंगावर काही नको. याला अपवाद फक्त बंद बाळीचा. लेकरू थोरल्या भावंडाच्या ताब्यात देताना तर नक्कीच काढा. सात वर्षांच्या ताईला लेकरू सांभाळता येईल, डाग सांभाळता येणार नाही. जत्रेत आणि बाजारात सोनं घातलेलं लेकरू नेऊ नका. चोर हुकाला हात घालत नाही, ओढतो.

आणि एवढं करूनही काही तोंडात गेलं तर? लेकरू खोकतंय, रडतंय, तर त्याला खोकू द्या, जवळ बसा. तोंडात वस्तू दिसत असेल तरच काढा. दिसत नसताना बोट घालून चाचपू नका, वस्तू आणखी आत जाते. आवाज बंद झाला, श्वास लागेना, ओठ निळे पडायला लागले, तर लेकराला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा हातानं धरलेला. पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे तळव्याच्या टाचेनं पाच थापा द्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत किंवा लेकरू रडेपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवा आणि दुसऱ्या माणसाला १०८ वर फोन लावायला सांगा. ही रीत वर्षाच्या आतल्या लेकराची आहे. गावातल्या आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरकडून एकदा बाहुलीवर करून बघा, नुसतं ऐकून हात वळत नाही.

लेकरू ठीक दिसतंय, पण एक डाग मोजणीत कमी आहे, असंही होतं. तेव्हा उद्या शौचात पडेल म्हणून स्वतःच ठरवू नका. दवाखान्यात जा, सोनं एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतं. गुळगुळीत बारीक वस्तू पोटात उतरली असेल तर डॉक्टर बहुधा वाटच बघायला सांगतात. पण लाळ गळतेय, दूध गिळत नाही, उलटी होतेय, तर ती वस्तू अन्ननळीत अडकलेली असू शकते. आणि मणी हरवल्यानंतर दोन-चार दिवसांनी लेकराला एकाएकी खोकला किंवा घरघर लागली, तर सर्दी समजू नका. डॉक्टरांना मणी हरवल्याचं आवर्जून सांगा.

पुढच्या खेपेला मामा, आत्या, आजी कुणीही बारशाचं सोनं घ्यायला निघाली, की त्यांना निघण्याआधी एवढंच सांगा: गळ्यात नको, बोटात नको, हातात भरीव आणि मापाचं, कानात बंद. बाकी नक्षी त्यांच्या आवडीची.